थकबाकीचा खातेउतारा

समजा, आष्टीचे एक उत्पादक संत्र्यांसाठी खोकी बनवतात आणि नागपूरच्या व्यापाऱ्याला उधारीवर देतात. ‘पैसे पाठवा’ एवढाच ईमेल गेला, तर व्यापारी विचारणारच, नेमके कोणत्या बिलाचे?

म्हणून खातेउतारा पाठवावा. त्यात बिल क्रमांक, तारीख, बाकी आणि बिलाचं वय द्यावं. उदाहरणार्थ, ३० दिवसांच्या आतले १८,०००, ३१ ते ६० दिवसांतले २५,०००, ९० दिवसांपुढचे १२,०००. एकूण ५५,००० रुपये. वय बिलाच्या तारखेपासून मोजलं की मुदत संपल्यापासून, तेही लिहावं.

खरी गफलत होते ती बिल क्रमांक न देता जमा झालेल्या रकमेत. व्यापाऱ्याने असे १०,००० भरले असतील, तर ते परस्पर जुन्या बिलात वळते करू नयेत. ‘जमा, बिल ठरायचे’ अशा वेगळ्या ओळीत दाखवावेत. निव्वळ येणे ४५,००० राहतं आणि व्यापाऱ्याला आपल्या वहीशी ओळ न् ओळ ताडून पाहता येते.