हप्ता परत गेला, दंड दोन्हीकडून बसला

आज आपण खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलू. आपल्या गटाचे कर्ज आपण बैठकीत पैसे गोळा करून भरतो. पण घरात गाडी, फ्रीज, मोबाईल किंवा शिलाई मशीन कंपनीच्या कर्जावर घेतले, तर हप्ता थेट बँक खात्यातून जातो. कर्ज घेताना एका कागदावर सही केलेली असते, किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी दिलेला असतो. "या तारखेला माझ्या खात्यातून इतके पैसे घ्या" अशी ती परवानगी असते. तिला मॅन्डेट म्हणतात आणि या पद्धतीला नाच. पासबुकात अशा नोंदीपुढे NACH किंवा ACH ही अक्षरे छापलेली दिसतात.

त्या तारखेला खात्यात हप्त्यापेक्षा एक रुपया जरी कमी असला, तरी बँक आहे तेवढे पैसे देत नाही. पूर्ण हप्ताच परत पाठवते. मग दोन दंड बसतात. आपली बँक हप्ता परत गेल्याचा आकार कापते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावते. कर्ज देणारी कंपनी तिचा बाउन्स चार्ज वेगळा लावते. दोघांचे हिशेब वेगळे असल्यामुळे एकीकडे भरले म्हणून दुसरीकडचे मिटत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा चिखली तालुक्यातल्या एका ताईचा हप्ता २,१५० रुपये आहे आणि तारीख दर महिन्याची ५. मे महिन्याच्या २० तारखेला तिच्या खात्यात २,५१६ रुपये होते. हप्ता भागून वर ३६६ उरतील, म्हणून ती निश्चिंत होती. पण मे महिन्याच्या शेवटी प्रधानमंत्री विम्याचे दोन हप्ते वर्षातून एकदा आपोआप कापले जातात. अपघात विम्याचे २० रुपये आणि जीवनज्योतीचे ४३६, असे ४५६ गेले. खात्यात उरले २,०६०. जूनच्या ५ तारखेला ९० रुपये कमी पडले आणि हप्ता परत गेला.

तिच्या बँकेचा आकार २५० आणि त्यावर ४५ रुपये जीएसटी, असे २९५ धरू. कंपनीचा बाउन्स चार्ज ४०० धरू. तुमच्याकडे हे आकडे वेगळे असतील, पण हिशेब असाच चालतो. ९० रुपयांच्या कमतरतेपायी ६९५ रुपये लागले.

खरी फसगत इथून पुढे होते. फोन आला तेव्हा ताईने ९० कमी पडले म्हणून १०० रुपये खात्यात टाकले. पण बँकेने २९५ आधीच कापले होते. म्हणजे २,०६० मधून १,७६५ उरले आणि १०० टाकल्यावर १,८६५ झाले. कंपनीने १० तारखेला हप्ता पुन्हा लावला आणि तो पुन्हा परत गेला. प्रत्येक वेळी परत गेला की नवा दंड. आणखी २९५ आणि ४०० मिळून दंड १,३९० वर गेला आणि हप्ता अजून बाकीच.

म्हणून हप्ता परत गेला की आधी पासबुक भरून घ्या किंवा बँक मित्राकडे शिल्लक बघा. हप्त्याला किती कमी पडतात ते आजच्या शिलकेवरून मोजा. खात्यात पैसे नसतील तर बँक तिचा आकार बाकी ठेवते आणि पैसे आले की आधी तो कापून घेते, हेही धरून चला. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दोन महिन्यांचे ३,००० रुपये एकदम जमा झाले, तेव्हा किती तरी बायकांच्या खात्यातून असेच जुने आकार वळते झाले. तशा तक्रारी आल्यावर, हे पैसे कापू नका, असे शासनाला बँकांना सांगावे लागले.

दुसरे काम म्हणजे कंपनीला लगेच फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: हप्ता पुन्हा कधी लावणार, आणि मी आजच थेट भरला तर चालेल का? थेट भरला तर पावती घ्या आणि "आता खात्यावर पुन्हा लावू नका" असे मेसेज करून लेखी कळवा. नाहीतर हप्ता दोनदा जाऊ शकतो.

आता पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करायचे ते सांगते. हप्ता ज्या खात्यातून जातो, पैसे त्याच खात्यात येतात का ते बघा. सरकारी योजनेचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. बऱ्याच जणींचे ते खाते एका बँकेत आणि हप्त्याचे दुसऱ्या बँकेत असते. मग पैसे असूनही हप्ता परत जातो. अशा वेळी कंपनीकडे अर्ज करून पैसे येणाऱ्या खात्यावर नवे मॅन्डेट करून घ्या. नवे चालू झाल्यावरच जुने बंद करा. मॅन्डेट बंद केले म्हणून कर्ज बंद होत नाही.

तारीख जुळत नसेल तर तीही बदलून मागता येते. दुधाचे पैसे १० तारखेला मिळत असतील तर ५ चा हप्ता दर महिन्याला अडेल. १५ तारीख मागा, आणि मधल्या दिवसांचे व्याज किती लागेल ते आधी विचारा.

पैसे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत खात्यात हवेत. हप्ता बहुधा सकाळीच लागतो, दुपारी भरलेले पैसे कामी येत नाहीत. १ ऑगस्ट २०२१ पासून नाच रविवारी आणि सुट्टीलाही चालते. त्यामुळे ५ तारखेला रविवार असेल तर शनिवारीच पैसे तयार ठेवा. हप्त्याच्या वर निदान ५०० रुपये राहू द्या. मे महिन्यात विम्याचे ४५६ धरून त्याहून जास्त ठेवा.

शेवटी हक्काचे. १ ऑक्टोबर २०२४ नंतर दिलेल्या कर्जात बँकेने आणि फायनान्स कंपनीने आपल्याला समजेल अशा भाषेत मुख्य माहितीपत्रक द्यायचे असते. त्यात न लिहिलेला आकार आपल्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. उशिराचा दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावणेही रिझर्व्ह बँकेने बंद केले आहे. आकार चुकीचा वाटला, किंवा पुरेसे पैसे असूनही हप्ता परत गेला, तर आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्ज पतसंस्थेचे असेल तर मात्र तक्रार तालुक्याच्या सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे जाते.

हप्ता वारंवार परत जात असेल तर नोटीस घरी येऊ शकते. पैसे नसताना परत गेलेल्या हप्त्यावर चेक न वटल्यासारखीच केस होऊ शकते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत ती रक्कम भरली तर केस टळते. म्हणून नोटीस बाजूला ठेवू नका, आली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने पासबुक भरून आणा. RTN किंवा CHG अशी अक्षरे कुठे दिसतात का ते एकमेकींच्या पासबुकात बघा. दिसली तर त्या ओळीची तारीख आणि रक्कम वहीत उतरवून घ्या. बँकेत विचारायला जाताना तेच लागते.