डॉख, या, माल : एका निरोपाचे भाषांतर



बडोद्यातून लेकीकडे जर्मनीला जाऊन आलेली जोडपी आता या सभागृहात बरीच दिसतात, त्यामुळे तिथल्या थंडीचे आणि पावाचे वर्णन आम्ही करीत बसत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते मोबाईलवर आलेल्या एका दोन ओळींच्या निरोपाविषयी. त्या दोन ओळींपायी आम्ही दोघे आठ दिवस रुसून बसलो होतो. चूक सर्वस्वी आमची होती.

लेकीच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक वयस्क जोडपे राहते. जिन्यात भेट झाली की नमस्कार, हसणे, एवढाच परिचय. निघण्याआधी आम्ही इथे थोडी जर्मन शिकलो होतो, म्हणून त्या बाईंनी आमच्याच मोबाईलवर निरोप धाडला : ‘कॉमन झी डॉख माल आउफ आयनन काफे फोरबाय! झी विसन या, वीर झिंट नाखमिटाग्स इमर त्सु हाउज.’

लेक कामावर गेलेली. आम्ही शब्दकोश उघडला आणि एकेक शब्द लावीत गेलो. ‘डॉख’ म्हणजे तरीही. ‘माल’ म्हणजे एकदा. ‘या’ म्हणजे होय. (पहिल्या दिवशी आम्हाला वाटले होते की त्या मराठीतच ‘या, या’ म्हणून बोलावताहेत, ते सोडा.) जुळवून वाक्य झाले ते असे : ‘तरीही एकदा कॉफीला येऊन जा. तुम्हाला माहीत आहे, होय, आम्ही दुपारी नेहमी घरी असतो.’

आता हे मराठी कानाने ऐका. ‘तरीही’, म्हणजे तुम्ही आमच्याशी नीट वागला नाहीत तरीही. ‘एकदा येऊन जा’, म्हणजे एकदाचे उरका. आणि ‘तुम्हाला माहीत आहे’, म्हणजे माहीत असून येत नाही. शब्दकोशातला एकही अर्थ खोटा नव्हता, पण आमंत्रणाचा टोमणा झाला. आम्ही उत्तर दिले नाही, गेलोही नाही. जिन्यात भेटल्यावर त्या बाई थोड्या गोंधळलेल्या दिसल्या, ते आम्हाला आमच्या तर्काचा पुरावाच वाटले.

रविवारी लेकीला निरोप दाखवला. तिने वाचून सरळ मराठीत म्हटले, ‘‘अहो बाबा, त्या म्हणतायत, या की एकदा कॉफीला! दुपारी आम्ही घरीच असतो, तुम्हाला माहीतच आहे.’’

दोन्ही भाषांतरांत माहिती एकच आहे : कॉफी, दुपार, घर. फरक सगळा त्या तीन बारक्या शब्दांत आहे. जर्मन व्याकरणकार यांना ‘आबट्योनुंग्सपार्टिकल’ म्हणतात. आबट्योनुंग म्हणजे रंगाची छटा हलकी-गडद करणे. हाराल्ड वाइट यांनी 1969 मध्ये याच नावाचे पुस्तक लिहून जर्मन आणि फ्रेंच यांची तुलना केली, तेव्हापासून यांचा नीट अभ्यास सुरू झाला. त्याआधी लेखनशैली शिकवणारे यांना भरतीचे शब्द समजून खोडायला सांगत.

यातला ‘डॉख’ आम्हाला सर्वांत गमतीचा वाटला. कोणी विचारले, ‘तुम्ही येत नाही का?’ आणि आपण येणार असलो, तर जर्मन माणूस नुसते ‘डॉख!’ म्हणतो. आपण काय म्हणतो? ‘येतोय की!’ समोरच्याच्या तोंडातला नकार उचलून बाजूला ठेवणारा हा ‘की’. आता आमंत्रणात नकार कोणी उच्चारलेलाच नसतो, पण बोलावणाऱ्याने तो धरलेला असतो : परके लोक आहेत, संकोच करीत असतील. ‘डॉख’ त्या न बोललेल्या संकोचालाच उत्तर देतो, आणि ‘या की’मधला ‘की’ही तेच करतो. ‘या ना’ म्हटले तर चालते, पण त्यात आर्जव जास्त येते. आपल्या बडोद्यात गुजराती शेजारीण ‘आवो ने’ म्हणते, त्यातला ‘ने’ आम्हाला ‘डॉख’च्या फार जवळचा वाटतो.

‘माल’ हे ‘आयनमाल’ म्हणजे ‘एकदा’ याचे आखूड रूप. पण इथे ते मोजायला नसते, मागणे हलके करायला असते. ‘वार्टन झी माल’ म्हणजे ‘थांबा जरा’. तिथे ‘एकदा थांबा’ म्हणून चालणार नाही. आमच्या निरोपात मात्र लेकीने ‘एकदा’ ठेवले. आम्ही सुचवले, ‘या की कधीतरी’ म्हणू. ती म्हणाली, नको. खरेच आहे. ‘या कधीतरी’ हे आपण फाटकाशी निरोप घेताना म्हणतो, आणि दोघांनाही ठाऊक असते की कोणी येणार नाही. त्या बाईंनी तर दुपारची वेळ सांगितली होती. ‘एकदा येऊन जा’ मधला ‘एकदा’ टोचतो आणि ‘या की एकदा’ मधला बोलावतो. ‘की’ आणि ‘जा’ यांनी त्याचा सूर बदलला.

‘या’ म्हणजे होय, हे खरे. पण ते वाक्याच्या आरंभी किंवा एकटे असेल तेव्हा. क्रियापदानंतर वाक्याच्या पोटात, जोर न देता आले, तर त्याचा अर्थ ‘हे आपल्या दोघांना ठाऊकच आहे’ असा होतो. मराठीत हे काम शेपटीला लागणारा ‘च’ करतो. शाळेत तो शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणून पाठ केला होता, त्याचा उपयोग फ्राउंच्या कॉफीसाठी होईल असे वाटले नव्हते.

लिहिलेल्या निरोपात जोर ऐकू येत नाही, तेव्हा ओळखायचे कसे? आम्ही दोन गोष्टी पाहतो. शब्द काढून वाक्य वाचायचे. माहिती तीच राहिली तर तो बहुधा छटेचा शब्द, त्याला शब्दकोशात शोधू नये. आणि जागा पाहायची : छटेचे हे शब्द वाक्याच्या आरंभी बसत नाहीत, आणि दोन आले तर त्यांचा क्रमही ठरलेला. ‘डॉख माल’ असतेच, ‘माल डॉख’ होत नाही.

एवढे कळल्यावर आम्हाला जरा जास्तच धीर आला. उत्तर आम्हीच लिहायचे ठरवले. उद्या येतो असे कळवले आणि बाईंनी केक करू नये म्हणून पुढे जोडले : ‘वीर एसन या काइने आयर’. आमच्या मते ‘आम्ही अंडी खात नाही हं’ असा मृदू सूर होता. पण ‘या’ घातल्याने झाले ‘आम्ही अंडी खात नाही, हे तुम्हाला माहीतच आहे’. आणि त्यांना ते माहीत नव्हते, कारण आम्ही कधी सांगितलेच नव्हते. पाच मिनिटांत त्यांचे लांबलचक उत्तर आले, क्षमा मागणारे : आपण विसरलो कसे, तुम्ही सांगितले तेव्हा नीट ऐकले नसेल, जर्मनी समजण्यात की ऐकण्यात चूक झाली. बिचाऱ्या घाबरल्या होत्या. वाक्यातून ती दोन अक्षरे काढली असती तर नुसती माहिती पोहोचली असती. जर्मनने दिलेला ‘या’ मऊपणासाठी कुठेही शिंपडायचा नसतो, समोरच्याला गोष्ट ठाऊक असेल तेव्हाच तो मऊ लागतो.

लेकीने फोन करून त्यांची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही वर गेलो. टेबलावर बिनअंड्याची, नुसत्या सफरचंदाची गोड वाटी होती, आणि कॉफी. निघताना आम्ही म्हटले, ‘कॉमन झी डॉख माल त्सु उन्स!’ बाईंनी आमच्याकडे पाहिले, हसल्या, आणि विचारले, कोणत्या दिवशी?