एप्रिल महिन्यातली वही
(गणेशोत्सवातील पालक-विद्यार्थी बैठकीत मंडळाच्या अभ्यासिकेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासिका सांभाळणाऱ्या आम्हा चौघांना दर वर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो. नीटच्या शेवटच्या उजळणीला हाताने लिहिलेल्या नोट्स बऱ्या, की टाइप केलेल्या? आम्ही एक उदाहरणच सांगतो.

मागच्या एप्रिलमध्ये आपल्यातलीच एक मुलगी रडवेली होऊन आली. तिच्या सगळ्या नोट्स टॅबवर टाइप केलेल्या होत्या. कोणीतरी तिला सांगितले, "हाताने लिहिलेलेच लक्षात राहते." झाले! तिने सगळे वहीत उतरवायला घेतले. जीवशास्त्राच्या एका प्रकरणाला चार तास लागत होते. अकरावी-बारावीची मिळून प्रकरणे 32, म्हणजे 128 तास. रोज पाच तास दिले तरी पंचवीस दिवसांहून अधिक, आणि तेही एकट्या जीवशास्त्राला. परीक्षा महिन्यावर आलेली होती.

आम्ही ती वही बंद करायला लावली. हाताने लिहिण्याचा फायदा असतो तो हात सावकाश चालतो म्हणून. सगळे लिहून होत नाही, त्यामुळे काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे डोक्याला ठरवावे लागते. टाइप करताना ऐकलेले जसेच्या तसे उतरते. पण ती तर तयार मजकूर पाहून उतरवत होती. त्यात निवड नव्हती, नुसती नक्कल होती. बाजारात मिळणाऱ्या 'टॉपरच्या हस्तलिखित नोट्स'चेही तेच. निवड त्या टॉपरने केलेली असते. आपल्यासाठी त्या छापील पुस्तकासारख्याच.

मग आम्ही तिला एक कोरा कागद दिला. टॅब बाजूला ठेवून, 'उत्सर्जन' या प्रकरणातले आठवेल ते वीस मिनिटांत लिही म्हटले. त्यानंतर टॅब उघडून लाल पेनाने तपासायचे. मूत्रपिंडात दर मिनिटाला सुमारे 125 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला 180 लिटर द्रव गाळला जातो, हे तिने बरोबर लिहिले होते. नेफ्रॉनची आकृतीही ठीक होती. दोन गोष्टी मात्र चुकल्या. हेन्लेच्या लूपची खाली उतरणारी बाजू पाणी बाहेर जाऊ देते, क्षार जवळजवळ नाही. वर चढणारी बाजू पाणी अडवते आणि क्षार जाऊ देते. तिने हे नेमके उलटे लिहिले होते. शिवाय अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडातून येते असे लिहिले होते. मूत्रपिंडातून येते ते रेनिन. अल्डोस्टेरॉन अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातून येते.

गंमत म्हणजे टॅबवर हे दोन्ही ठळक अक्षरांत होते आणि तिने ते कितीदा तरी वाचले होते. वाचताना ओळखीचे वाटते, म्हणून येते असे वाटते. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये हेच तपासले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले.

त्या दोनच चुका तिने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिल्या. शिक्षण इंग्रजी माध्यमातले, पण ओळ सुचली ती घरच्या भाषेत: 'उतरताना पाणी, चढताना मीठ.' आधीच्या सहा प्रकरणांना चोवीस तास गेले होते. आता एका प्रकरणाला तासाभराहून कमी लागू लागला. तीन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. तीच चूक परत आली, तर ती पाठांतराची नसून समजुतीची आहे असे धरायचे आणि नोट्स सोडून एनसीईआरटीचा मूळ परिच्छेद वाचायचा. बरोबर उत्तराला अधिक चार आणि चुकीच्याला उणे एक, म्हणजे अशी एक उलटापालट पाच गुणांना पडते.

टाइप केलेल्या नोट्स टाकून द्यायच्या नाहीत. वनस्पतींच्या वर्गीकरणाचे तक्ते, संप्रेरकांची यादी, एखादा शब्द चटकन शोधणे, यासाठी त्याच सोयीच्या. सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रिया, किरणाकृती आणि भौतिकीची गणिते मात्र हातानेच करायची, कारण परीक्षेत कच्चे काम कागदावरच करावे लागते.

म्हणून पालकांना एक विनंती. पाल्याला हस्तलिखित वही हवी असेल, तर ती आता, भाद्रपदात सुरू करू द्या. प्रकरण शिकतानाच, पुस्तक मिटून. मे महिन्याला अजून आठ महिने आहेत. एप्रिलमध्ये मूल सुबक अक्षरात पानेच्या पाने उतरवताना दिसले, तर कौतुक करू नका. त्याच्या हाती एक कोरा कागद द्या.