बाटलीच्या मानेत भुगा झालेलं बूच

मागच्या भागानंतर एकाने व्हॉइस नोट पाठवली होती, की जुन्या वाईनच्या बाटलीचं बूच ओढताना अर्धं तुटलं, उरलेलं मानेत अडकलं आणि हात लावला की भुगा पडतोय. आता काय करू? हे काम नुकतंच आमच्याकडे जासईत झालंय, त्यामुळे आज तेच सांगतो.

आमच्या शेजारच्या काकांनी बरीच वर्षं जहाजावर नोकरी केली. पोर्तुगालहून आणलेली पोर्ट वाईनची एक बाटली त्यांच्या शोकेसमध्ये बावीस वर्षं उभी होती. ती दिली होती त्यांच्या एका जहाजावरच्या मित्राने, जो आता नाही. मुलीच्या हळदीला ती उघडायची हे ठरलेलं. आणि काकांची अट अशी की वाईन तर प्यायची आहेच, पण बाटली फुटता कामा नये, ती परत शोकेसमध्ये जाणार. त्यांच्या भाच्याने ओपनर लावला, आणि बुचाचा वरचा अर्धा भाग चुरा होऊन हातात आला. मग मला हाक मारली.

आधी हे होतं कशामुळे ते बघू. बूच म्हणजे कॉर्क ओक नावाच्या झाडाची साल. पोर्तुगालमध्ये एकाच झाडाची साल साधारण दर नऊ वर्षांनी काढतात. ती स्पंजासारखी दबते. वाईनचं बूच असतं साधारण २४ मिलिमीटर जाड, आणि बाटलीचं तोंड आतून १८-१९ मिलिमीटरच. म्हणजे ते दाबून बसवलेलं असतं आणि बाहेरच्या बाजूला ढकलत राहतं, म्हणून बाटली घट्ट बंद राहते. बाटली आडवी ठेवली तर वाईन बुचाला लागून राहते आणि ते ओलसर राहतं. उभी ठेवली, त्यात आपल्याकडचा उन्हाळा, की ते वर्षानुवर्षं सुकतं. सुकलेलं बूच दबत नाही, ते तुटतं. नाशिकच्या बऱ्याच वाईनना आता फिरवून उघडायचं झाकण असतं, त्यामुळे आपल्या पिढीला हा प्रकार माहीतच नाही.

भाच्याचा ओपनर मी आधी बघितला. त्याचा स्क्रू ड्रिलच्या बिटसारखा होता, मध्ये दांडा आणि भोवती पाती. हा स्क्रू बुचाला धरत नाही, पोखरतो. चांगल्या ओपनरचा स्क्रू म्हणजे नुसती वळलेली तार. तिच्या मधल्या पोकळीतून माचिसची काडी आरपार जायला हवी. ओपनर विकत घेताना एवढं एकच बघा.

आता पहिली गोष्ट, जी जवळजवळ सगळे विसरतात. उरलेलं बूच ओढायच्या आधी वरचा भुगा काढा. मानेत अर्धं बूच अजून बसलेलं आहे, म्हणजे बाटली बंदच आहे. तिचा फायदा घ्या. बाटली हळूच तिरकी करून तोंड खाली न्या, बाजूने बोटाने टिचक्या मारा, सुटा भुगा बाहेर पडतो. वाईन झिरपताना दिसली तर लगेच उभी करा. मग ओल्या कापडाचं टोक काडीला गुंडाळून आतली काच पुसून घ्या. बाटलीत पडणारे बरेचसे कण हे आधीच तुटलेले असतात, ते बूच निघताना आत जातात.

मग बाटली टेबलावर उभी ठेवली. बोटाने बुचाला अगदी हलकं टेकवून बघितलं, हलतंय का. हलत नव्हतं. हलत असतं तर दोन पात्यांचा ओपनर वापरताच आला नसता. हा ओपनर, ज्याला आह-सो म्हणतात, बुचाला भोक पाडत नाही. त्याची दोन पातळ पाती काच आणि बूच यांच्या फटीत सरकवायची, लांब पातं आधी, आणि डावीकडे-उजवीकडे डोलवत आत न्यायची. मग फिरवत-फिरवत वर ओढायचं. जुन्या बुचासाठी हेच सगळ्यात बरं. पण बूच सैल असेल तर तीच पाती त्याला आत ढकलतात.

आमच्याकडे तो नव्हताच. म्हणून तारेच्या स्क्रूचा साधा ओपनर घेतला आणि टोक बुचाच्या मधोमध न ठेवता तिरकं लावलं, काचेच्या दिशेने. मधलं भोक आधीच पोखरलेलं होतं, तिथे पुन्हा स्क्रू घातला असता तर पकडायला काहीच नव्हतं. तिरका गेला की तो न तुटलेल्या भागात शिरतो आणि ओढताना बूच एका बाजूच्या काचेवर दाबलं जातं, त्यामुळे सुटं होत नाही. फिरवताना वरून जोर अजिबात द्यायचा नाही, स्क्रू स्वतःच आत जातो. जोर दिला तर बूच आत जाईल, आतली हवा दबेल आणि वाईन तोंडावर उडेल. ओढताना मात्र घाई नको. एक-दोन मिलिमीटर, थांबा, पुन्हा. आमचं निघायला चांगली दहा मिनिटं लागली. शेवटचा सेंटीमीटर राहिला तेव्हा सरळ ओढणं बंद करून हळूच बाजूला वाकवत काढलं.

ओपनर नसेल तर लाकडात मारायचा लांब, बारीक स्क्रू पेचकसाने तसाच तिरका घालून पकडीने ओढता येतो. पण भिंतीवर बूट आपटणं किंवा लायटरने मान तापवणं, ते रील बघून करू नका. आपटल्याने तळाचा गाळ ढवळतो आणि काच फुटू शकते. काचेचा टवका उडाला असेल तर ती वाईन ओतून टाकायची, गाळून प्यायची नाही. तापवण्याचा खरा प्रकार वेगळा आहे. जुन्या पोर्टसाठी लालभडक चिमटा बुचाच्या खाली मानेला लावतात, मग ओलं गार कापड, आणि मानच बुचासकट तुटते. बूच हलवायचंच नाही, अशी ती युक्ती. काकांना बाटली हवी होती, त्यामुळे आम्हाला तिचा उपयोग शून्य.

एवढं करूनही थोडे कण आत पडलेच. वाईन खराब झाली का, असं काकूंनी विचारलं. नाही. ओल्या पेपरसारखा किंवा कुबट वास येतो ती खराबी वेगळी. ती न तुटलेल्या बुचामुळेही होते. भुगा फक्त तोंडात लागतो.

चहाची गाळणी मोठे तुकडे अडवते, बारीक नाही. आम्ही मलमलचं कापड साध्या पाण्यात उकळलं, साबण न लावता, कारण साबणाचा वास वाईनमध्ये उतरतो. पिळून चार पदरी केलं आणि काचेच्या जगवर ताणून बांधलं. मग बाटलीमागे मोबाईलचा टॉर्च धरून, एकाच धारेत, हळू ओतलं. मध्ये थांबून बाटली सरळ केली की गाळ हलतो. मानेत काळसर गाळ येताना दिसला तिथे थांबलो, तळाशी दोन बोटं वाईन सोडून दिली.

आता बाटली. त्या दोन बोटांसकट ती खळखळून ओतली, तरी काचेला कण चिकटलेले होते. बूच पाण्यावर तरंगतं, हे इथे कामाला येतं. बाटली काठोकाठ पाण्याने भरा, जरा थांबा, टिचक्या मारा, कण मानेत वर येतात. मग नळाची बारीक धार सोडून पाणी ओसंडू द्या, ते वाहून जातात. तीन वेळा केलं. टॉर्च लावून तळ स्वच्छ दिसल्यावर बाटली उलटी ठेवून पूर्ण सुकवली. वाईन तिच्यात परत भरून, हळदीच्या रात्रीपर्यंत फ्रीजमध्ये, नवीन रबरी बूच लावून.

आणि अख्खा तुकडाच आत पडला असेल तर? बाटली रिकामी करा. पातळ, लांब प्लॅस्टिकची पिशवी आत सोडा, तोंड बाहेर ठेवा. बाटली उलटी करून तुकडा मानेजवळ, पिशवीच्या शेजारी येऊ द्या. पिशवीत फुंकून ती फुगवा आणि मग ओढा. पिशवी तुकड्याला कवेत घेऊन बाहेर येते. दोन-तीनदा प्रयत्न करावे लागतात.

चला, काही अडलं तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.