हिशोबाच्या शीटला कुलूप

आमच्या गटाचा कर्जाचा हिशोब गेल्या वर्षी वहीतून एक्सेलमध्ये आला. मी सचिव, म्हणून शीट मी बनवली. पण दर महिन्याला भरायला बसतो आम्ही तिघीजणी. त्यात काय झालं, ते आधी सांगते.

आमच्या एका ताईंनी दहा हजार कर्ज घेतलं होतं. व्याज महिन्याला दोन टक्के, मुद्दलाचा हप्ता एक हजार. पहिल्या महिन्याचं व्याज २०० रुपये, मग १८०, १६०, १४०, १२०, असं ते उतरत जायला हवं. पाच महिन्यांत ८०० रुपये. पण ताईंनी पाचही महिने २०० भरले, म्हणजे २०० रुपये जास्त. पेटीतली रोकड शीटशी दर महिन्याला जुळत होती, कारण पैसे शीट बघूनच घेतले जात होते. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. ताईंनीच एक दिवस विचारलं, "माझं मुद्दल कमी होतंय, मग व्याज का होत नाही गं?"

शीटमध्ये ओळ आठ ताईंची. बी रकान्यात महिन्याच्या सुरुवातीची बाकी, सी मध्ये व्याज, डी मध्ये हप्ता, ई मध्ये उरलेली बाकी. व्याज आणि उरलेली बाकी ही दोन सूत्रं:

```
C8:  =B8*2%
E8:  =B8-D8
```

पहिल्या महिन्यात कुणीतरी सी आठमध्ये, व्याज मिळालं म्हणून, २०० आकडा टाइप केला. दिसायला काहीच फरक नाही, पण सूत्र पुसलं गेलं. पुढच्या महिन्यांची शीट त्यावरूनच कॉपी केली, आणि तो २०० तसाच पुढे आला. तुमच्याकडे असं झालंय का, हे बघायला त्या चौकटीवर क्लिक करा आणि वरच्या लांब पट्टीत पाहा. बरोबरच्या चिन्हाने सुरुवात असेल तर सूत्र शाबूत आहे. नुसता आकडा असेल तर गेलं.

आता कुलूप. इथे बहुतेक जणी गोंधळतात. एक्सेलमध्ये प्रत्येक चौकट मुळातच कुलूपबंद असते, पण शीट संरक्षित करेपर्यंत ते कुलूप लागू होत नाही. म्हणून आधी कुलूप लावायचं नाही, तर ज्यात आपण भरणार त्या चौकटींचं काढायचं. आम्ही बारा जणी, ओळी पाच ते सोळा. बी पाच ते बी सोळा निवडायच्या, मग Ctrl दाबून धरून डी पाच ते डी सोळा. Ctrl आणि 1 दाबलं की Format Cells ही खिडकी उघडते. त्यात Protection वर जायचं, Locked समोरची खूण काढायची, OK. याच चौकटींना फिकट पिवळा रंग द्या, म्हणजे कुठे लिहायचं ते सगळ्यांना कळेल.

मग वर Review मध्ये Protect Sheet. पासवर्ड विचारतो, रिकामा ठेवला तरी चालतं. खाली यादीत Select locked cells ची खूण मी राहू देते. कुणालाही व्याजाच्या चौकटीवर क्लिक करून सूत्र बघता यावं, फक्त बदलता येऊ नये. OK केल्यावर स्वतः सी आठमध्ये काहीतरी टाइप करून बघा. शीट संरक्षित आहे असा इंग्रजी निरोप आला म्हणजे काम झालं. Tab दाबलं की आता फक्त पिवळ्या चौकटींतून उडी जाते, भरणंही पटकन होतं. ही शीट कॉपी करून नवा महिना केला तर कुलूपही सोबत येतं. पण त्याच फाइलमधल्या जुन्या शीटला ते वेगळं लावावं लागतं.

हे कुलूप चुकीसाठी आहे, चोरासाठी नाही. हप्ता १,००० ऐवजी १०,००० लिहिला तर ते अडवणार नाही. आणि एक खोड ध्यानात ठेवा: दुसरीचा हप्ता चुकून डी आठमध्ये पडला आणि तो Ctrl+X ने कापून डी नऊमध्ये चिकटवला, तर कुलूप असूनही सूत्रं बिघडतात. ई नऊमध्ये #REF! दिसतं, आणि ताईंच्या बाकीतून दुसरीचा हप्ता वजा होतो. असं झालं तर लगेच Ctrl+Z. आकडा हलवायचा तर पुसून नव्याने टाइप करा.

नवी सभासद आली तर Review मध्ये Unprotect Sheet करून ओळ घालायची. ती शेवटच्या ओळीच्या वर घाला, म्हणजे एकूण बेरजेत आपोआप धरली जाते. सी आणि ई ची सूत्रं वरच्या ओळीतून खाली ओढून घ्या, आणि उठण्याआधी कुलूप परत लावा. पासवर्ड ठेवलाच असेल तर तो गटाच्या वहीत लिहा. लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी. ताईंचे २०० रुपये आम्ही पुढच्या महिन्यांच्या व्याजातून वळते केले.