सावरणं हे हाताचं कसब आहे

(करकंब, ता. पंढरपूर येथे एका कृषी सहायकाच्या सेवानिवृत्तीनिमित्त भरलेल्या मेळाव्यात त्यांनी केलेले भाषण.)



माझ्याआधी चार जण बोलले. सगळ्यांनी सांगितलं की इथला माणूस चिवट आहे, दुष्काळानं खचत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण मला ते पुरतं पटत नाही. एकाच शिवारात, एकाच पावसावर, शेजारच्या दोन रानांत एक जण सावरलेला आणि दुसरा बसलेला मी पाहिला आहे. दोघांचं काळीज सारखंच घट्ट होतं. फरक हाताच्या सवयीचा होता. तो कसा, ते शाळवाच्या एका साध्या नुकसानीवरून सांगतो.

उजनीचं पाणी आपल्या तालुक्यात आलं, तरी कालव्याच्या वरच्या अंगाची रानं अजून पावसावरच आहेत. तिथं ज्वारी पेरायची ती १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात. त्यानंतर वरची ओल खाली जाते आणि थंडीही येते. अशा एका तीन एकराच्या मध्यम काळ्या रानात २५ सप्टेंबरला मालदांडी पेरली होती. उगवण चांगली झाली. तीन आठवड्यांनी बांधावरून बघावं तर मधले पोंगे वाळलेले. शेजारच्या रानातही तीच गत.

शेजारी म्हणाला, ओल तुटली. तीन एकरवाला आत गेला आणि वाळलेला पोंगा चिमटीत धरून ओढला. तो अलगद वर आला, बुडाशी कुजलेला आणि घाण वासाचा. ही खोडमाशी. ओल कमी पडली तर सगळं ताट मलूल होतं, पानं सुरळी होतात. खोडमाशीत बाहेरची पानं हिरवी राहतात आणि मधला पोंगाच मरतो. हा फरक आधी कळला पाहिजे, कारण माशीचा जोर रोप महिन्याचं होईपर्यंतच असतो. म्हणजे झालं ते झालं, पुढं फारसं वाढणार नव्हतं.

मग त्यानं मोजलं. त्याची पेरणी दीड फुटाच्या ओळीत आणि विरळणीनंतर ताटाताटांत अर्धा फूट अशी होती. दहा फूट ओळीत वीस ताटं हवीत. पाच ठिकाणी दहा-दहा फूट मोजून धड ताटं भरली १४, १२, १३, ४ आणि १५. शंभरात अठ्ठावन्न. नुसता हा आकडा बघितला तर रान मोडावंसं वाटतं. पण चार ठिकाणी सरासरी साडेतेरा ताटं होती आणि एकाच ठिकाणी चार. तो भाग बांधाकडेचा, दहा-बारा गुंठ्यांचा.

आता तारीख होती १६ ऑक्टोबर. मोडून पुन्हा ज्वारी पेरायची मुदत संपलेली. त्यानं ठरवलं, मोठा भाग ठेवायचा. कोरडवाहू रानात ताटं विरळ झाली की राहिलेल्या प्रत्येक ताटाच्या वाट्याला ओल जास्त येते आणि कणीस मोठं होतं. ताटं तिसऱ्या हिश्श्यानं गेली म्हणून धान्य तेवढंच घटत नाही. हे ज्ञान जुनं आहे. सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू संशोधन सुरू झालं, तेव्हापासून बी कमी, ओळ रुंद आणि कोळपणी वरचेवर ही शिकवण आहे. आपली मालदांडी ३५-१ सुद्धा मोहोळला गावठी मालदांड्यातूनच निवडलेली.

बांधाकडेच्या उघड्या तुकड्यात मात्र त्यानं पाभरीच्या फणाला ओल लागते का ते पाहिलं. लागली, तेव्हा तिथं हरभरा टाकला. बाकी रानात पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्याची चालूच होती. दुसरी पाचव्या आठवड्यात दिली. तिसरी आठव्या आठवड्यात, दातेरी कोळप्यानं. त्या वेळी तण फारसं नसतं, पण रान भेगाळायला लागतं आणि भेगेतून खालची ओल उडते. दातेरी कोळप्यानं माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात. पीक बुडालं समजून माणूस ही तिसरी कोळपणी टाळतो, आणि खरं नुकसान तिथंच होतं.

शेजाऱ्यानं रागाच्या भरात रान मोडून पुन्हा ज्वारी पेरली. उगवण निम्मी झाली, आणि कणसं निसवायच्या वेळेला ओल संपली. त्याला कडबा मिळाला, धान्य नाही. याला दहा पोती ज्वारी झाली, कडबा झाला, वर थोडा हरभरा.

आता मूळ मुद्दा. हा शहाणपणा तीन एकरवाल्याला आला कुठून? ही त्याच्या रानातली चौथी पोंगेमर होती. पहिल्या वेळी त्यानंही रान मोडलं होतं. पण सुगी झाल्यावर किती ताटं होती, काय केलं, किती पोती झाली हे तो घराच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायचा. नुकसान सगळ्यांचंच होतं. ज्याचा हिशेब मागं राहतो त्याचंच कसब होतं, बाकीच्यांची नुसती आठवण राहते.

म्हणून एक मागणं आहे. पोरगा वीस वर्षांचा झाला की त्याला दहा गुंठे तोडून द्या. तिथं मोजायचं त्यानं, ठेवायचं की मोडायचं ते ठरवायचंही त्यानंच. चुकला तर दहा गुंठ्यांचं नुकसान, घर बुडत नाही. कपाशीवाल्या भावांनाही हेच. नांगे भरायचे ते उगवणीनंतर आठ-दहा दिवसांत. नंतर लावलेलं रोप मोठ्या झाडाच्या सावलीत दबतं. ती मोजणी पोराला करू द्या.

पण या कसबाची हद्दही सांगितली पाहिजे. १९७२ चा दुष्काळ काही पोंगेमर नव्हता. विहिरी आटल्या, जनावरं गेली, माणसं खडी फोडायला गेली आणि परदेशी मिलो खाऊन जगली. तिथं मोजून आणि कोळपून कुणी सावरलं नाही. काम मिळालं म्हणून माणसं वाचली. त्यातूनच पुढं १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. भाव पडणं आणि कर्ज डोक्यावरून जाणं हीही त्याच जातीची संकटं. ज्या धक्क्यानंतर पुढच्या पेरणीला बी राहत नाही, तो धक्का माणसाला शिकवत नाही, मोडतो. अशा वेळी एखादा शेतकरी बसला तर त्याला कच्चा म्हणू नका. त्याच्या दारी जा, बसा, आणि त्याच्या पेरणीचं बी-बैल चार घरांनी मिळून उभं करा. अंगावर आलेलं संकट एकट्याच्या हातातलं आहे की सगळ्यांच्या, हे ओळखणं हाही त्या कसबाचाच भाग आहे.

यंदा पेरणीनंतर विसाव्या दिवशी दहा फूट सुतळी खिशात घेऊन रानात जा. मी नोकरीतून निघालो तरी गावातच आहे. मोजणीचे आकडे घेऊन या, बसून बोलू. एवढं सांगून आपली रजा घेतो. रामराम.