रोखीचे बिल आणि खर्चाची वजावट

आजचा विषय खताचा नाही की बियाण्याचा नाही, तो आहे पैसे चुकते करण्याच्या रीतीचा.

सातबाऱ्यावरच्या पिकाचे उत्पन्न आयकरातून मोकळे आहे, हे आपण जाणता. पण शेताच्या कडेला कोंबड्यांची शेड घातली, अंडी विकू लागलात, की तो धंदा झाला. धंद्याच्या नफ्यावर कर बसतो. नफा म्हणजे विक्रीतून खर्च वजा जाता उरलेली रक्कम, आणि हा खर्च कोणत्या रीतीने दिला यालाही कायद्यात महत्त्व आहे.

नियम असा की, एका दिवसात एकाच माणसाला दहा हजार रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च वजा धरला जात नाही. 1961 च्या आयकर कायद्यातले हे कलम 40अ(3). 1 एप्रिल 2017 पूर्वी ही मर्यादा वीस हजार होती. 2025 च्या नव्या कायद्यातही ती दहा हजारच ठेवली आहे. खर्च खरा असेल, पक्के बिल असेल, माल शेडमध्ये आलेला असेल, तरीही वजावट जाते. आणि जाते ती वरच्या रकमेपुरती नव्हे, सबंध रकमेची. इथेच पुष्कळांची गल्लत होते.

उदाहरण घेऊ. दोघा भावांनी नोंदलेली भागीदारी करून अंड्यांच्या कोंबड्या पाळल्या. वर्षाचा नफा निघाला चार लाख. त्यात एक बिल आहे व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मक्याचे, अठ्ठेचाळीस हजारांचे, आणि ते एकाच दिवशी रोखीने दिलेले आहे. हिशेब तपासताना हे अठ्ठेचाळीस हजार खर्चातून काढले जातील आणि नफा धरला जाईल चार लाख अठ्ठेचाळीस हजार. भागीदारी संस्थेला पहिल्या रुपयापासून 30 टक्के कर आहे. म्हणजे 14,400 रुपये, त्यावर 4 टक्के उपकराचे 576, मिळून 14,976 रुपये जास्तीचे. मका तोच, भाव तोच. केवळ पैसे हातात दिले म्हणून.

आता कोणी म्हणेल, व्यापाऱ्याला सांगू की 9,600 ची पाच बिले कर. त्याने काही साधत नाही. पूर्वी ही पळवाट चालायची, म्हणून 2008 साली कायदा बदलला. आता एका दिवसात एका माणसाला दिलेल्या सगळ्या रकमांची बेरीज करतात. निरनिराळ्या दिवशी खरोखरच दहा हजारांच्या आत पैसे दिले तर हरकत नाही. पण पैसे एकदम द्यायचे आणि तारखा निरनिराळ्या घालायच्या, हे टिकत नाही. व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीत त्या दिवशी अठ्ठेचाळीस हजार जमा दिसतात आणि दोन वह्यांचा मेळ बसत नाही.

मग द्यायचे कसे? रेखांकित करून ‘खात्यात जमा’ असे लिहिलेला चेक द्या, तसाच ड्राफ्ट द्या, किंवा बँकेतून अथवा मोबाईलवरून थेट त्याच्या खात्यावर पाठवा. नुसता बेअरर चेक चालत नाही. नुसत्या दोन रेघा मारलेलाही नाही.

तोच मका शेजारच्या शेतकऱ्याकडून, त्याने स्वतः पिकवलेला घेतलात, तर मात्र गोष्ट वेगळी. पिकवणाऱ्याला त्याच्या शेतमालाचे पैसे रोख दिले तर दहा हजारांची मर्यादा लागत नाही. दूध, अंडी, मासळी यांच्या उत्पादकालाही ही सवलत आहे. अठ्ठेचाळीस हजार रोख द्या, खर्च धरला जाईल. पण तो माणूस व्यापारी नसून पिकवणारा आहे, हे दाखवता आले पाहिजे. म्हणून खरेदीच्या पावतीवर त्याचे नाव, गाव, गट नंबर, वजन, भाव लिहा आणि सही घ्या. नुसते ‘मका खरेदी, रोख’ एवढे लिहून भागत नाही.

माल विकायला गेलात आणि व्यापारी म्हणाला, ‘कायद्याने तुला रोख देता येत नाही,’ तर ते सरसकट खरे नाही. दोन लाखांच्या आत तो देऊ शकतो. एका दिवसात एकाकडून, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख मात्र घेऊ नका. तिथे दंड घेणाऱ्याला आहे, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा!

मालमोटारीच्या भाड्याला मर्यादा थोडी सैल, म्हणजे दिवसाला पस्तीस हजार आहे. जे वही न ठेवता विक्रीवर ठरावीक टक्के नफा दाखवतात, त्यांना खर्चाच्या वजावटीचा हा प्रश्न येत नाही.

राहिली उधारी. मार्चमध्ये खाद्य उधार आणले, त्या वर्षी खर्च टाकला, आणि मे महिन्यात पंचवीस हजार एकदम रोख दिले, तर ते पंचवीस हजार दिल्याच्या वर्षाचे उत्पन्न धरले जातात. जुनी बाकी फेडतानाही चेकच लिहा.